४०४ च्या पानावर सर्च बॉक्स आला कुठून?

"हे पान सापडलं नाही" म्हणणाऱ्या स्क्रीनवर आज साधारण तीन गोष्टी असतात, एक सरळ वाक्य, मुख्य विभागांच्या चारपाच लिंका आणि शोधायला एक बॉक्स. डिझायनरला विचारलं तर तो म्हणेल त्यात काय एवढं, कॉमन सेन्स आहे. पण हा कॉमन सेन्स यायला दहाबारा वर्षं गेली, आणि मधल्या काळात त्या रिकाम्या पानावर बोलायचं कोणी, साइटवाल्यानं, ब्राउझरनं की सर्च कंपनीनं, यावरून बरीच ओढाताण झाली.

सुरुवात जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी आपसात कसं बोलायचं त्या नियमांत, स्टेटस कोड हा प्रकारच नव्हता, सर्व्हर जे काय पाठवेल ते पान, चूक झाली तरी तेही एक पानच. १९९२ च्या मसुद्यात तीन आकडी कोड आले. ही पद्धत एफटीपीसारख्या जुन्या प्रोटोकॉलवरून घेतलेली, पहिला आकडा प्रकार सांगतो. ४ ने सुरू होणारे कोड म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूची चूक, आणि त्यातला ४०४ म्हणजे मागितलेल्या पत्त्यावर काही मिळालं नाही. (सर्नमध्ये ४०४ नंबरची खोली होती आणि तिथे पहिला सर्व्हर होता ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर दरवर्षी फिरते, ती खोटी आहे, वेबचे सहसंस्थापक रॉबर्ट कायो यांनीच ती उडवून लावली.)

खरी भानगड कोडात नाही, लिंक कशी बांधली त्यात आहे. वेबच्या आधीच्या काही हायपरटेक्स्ट कल्पनांमध्ये लिंक दोन्ही बाजूंना माहीत असायची, म्हणजे मी तुमच्या पानाकडे लिंक दिली की तुमच्याकडेही त्याची नोंद. बर्नर्स-लींनी ते सोडून दिलं, लिंक एकतर्फी ठेवली, कुणाची परवानगी नको, कुठे मध्यवर्ती रजिस्टर नको. म्हणूनच वेब इतकी पसरली आणि म्हणूनच पान हलवलं तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या बाकीच्यांना काही कळत नाही. ४०४ हा अपघात नाही, त्या मोकळेपणाची ठरवून मोजलेली किंमत आहे. ती किती मोठी झाली त्याचा एक आकडा, प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती.

नव्वदीत ४०४ म्हणजे पांढऱ्या पानावर टाइम्स फाँटमध्ये Not Found आणि खाली एक ओळ, की अमुक पत्ता या सर्व्हरवर सापडला नाही. संपलं. ना साइटचं नाव, ना परतीची वाट. हे पान वाचकासाठी लिहिलेलंच नव्हतं. अपाचे सर्व्हरमध्ये ते बदलायची सोय होती, एका ओळीचं काम:

```
ErrorDocument 404 /404.html
```

पण फार थोडे लोक ती ओळ टाकायचे. मग ती जागा दुसऱ्यानं भरली.

१९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ आला आणि त्यानं सर्व्हरचं एरर पान दाखवणंच बंद केलं, त्याऐवजी स्वतःचं पान दाखवायला लागला, सेटिंगमध्ये त्याला नाव होतं फ्रेंडली एरर मेसेज. त्यावर लिहिलेलं असायचं की पत्ता टाइप केला असेल तर स्पेलिंग तपासा, साइटचं मुखपृष्ठ उघडा, बॅक दाबा, किंवा सर्च दाबून इंटरनेटवर शोधा. नीट बघितलं तर आजच्या चांगल्या ४०४ चा अख्खा सांगाडा तिथे आहे! फक्त तो साइटवाल्याचा नाही. मुखपृष्ठाच्या पलीकडे त्या साइटवर काय काय आहे हे ब्राउझरला माहीत असण्याचं कारणच नव्हतं, आणि सर्च सगळ्या इंटरनेटवर व्हायचं, म्हणजे वाचक तुमच्या दारातून बाहेर.

यात एक गंमत होती. सर्व्हरकडून आलेलं ४०४ पान ५१२ बाइटपेक्षा लहान असेल तरच एक्सप्लोरर स्वतःचं पान घुसवायचा, मोठं असेल तर ते कुणीतरी मन लावून बनवलं असणार असा त्याचा हिशोब. मग ज्यांनी छोटंसं नेटकं पान बनवलं होतं ते डोकं खाजवत बसायचे, फायरफॉक्समध्ये दिसतं आणि इथे का नाही, आणि उपाय काय तर पानात बिनकामाच्या कॉमेंट भरून ते ५१२ च्या वर न्यायचं. जुन्या साइटींच्या ४०४ च्या सोर्समध्ये तसले परिच्छेद दिसले तर त्याचं मूळ हे.

साइटवाल्यांनी ती जागा परत घेतली ती पुढच्या पाचेक वर्षांत. २००४ च्या जानेवारीत अ लिस्ट अपार्ट या वेब डिझाइनच्या ऑनलाइन मासिकात इयान लॉइड यांचा लेख आला, आणि त्यातला विचार मला आजही सगळ्यात धारदार वाटतो, की ४०४ वर येणारे सगळे एकाच वाटेनं येत नाहीत. ब्राउझर रेफरर पाठवतो म्हणजे आधीचं पान कुठलं ते सांगतो, त्यावरून निदान चार वाटा ओळखता येतात. रेफरर रिकामा असेल तर पत्ता हातानं टाइप केलाय किंवा बुकमार्क जुना आहे. रेफरर आपलीच साइट असेल तर चूक आपली आहे, तिथे वाचकाला "स्पेलिंग तपासा" म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा. सर्च इंजिन असेल तर त्यांची यादी जुनी झालीय, आणि दुसरी साइट असेल तर त्यांची लिंक. प्रत्येकाला वेगळं वाक्य. आता ब्राउझर बाहेरून येताना बरेचदा फक्त डोमेनच सांगतात, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्याचा रेफरर सहसा रिकामाच असतो, त्यामुळे हे निदान पूर्वीइतकं पक्कं राहिलं नाही, पण "चूक आपली" एवढं अजूनही पक्कं कळतं.

२००८ मध्ये गूगलनं वेबमास्टरांसाठी एक विजेट काढलं, आपल्या ४०४ पानात तुकडा चिकटवायचा की तो मागितलेल्या पत्त्याशी जुळणारं जवळचं पान सुचवायचा आणि साइटमध्ये शोधायला बॉक्स द्यायचा. पुढे ते बंद झालं, पण ४०४ वर सर्च बॉक्स हवा ही सवय त्यानं बऱ्याच जणांना लावली. याच सुमाराला दुसरा रोग वाढला होता, सॉफ्ट ४०४. पान नाही म्हणून वाचकाला दिसतंय, पण सर्व्हर कोड पाठवतोय २०० म्हणजे सगळं छान. सर्च इंजिनला वाटतं हे खरंच एक पान आहे, आणि मेलेले पत्ते यादीत जिवंत राहतात. हा रोग लागायची सगळ्यात सोपी वाट ही:

```
ErrorDocument 404 https://example.com/404.html
```

वरच्या ओळीत आणि हिच्यात फरक फक्त पूर्ण पत्त्याचा, पण पूर्ण पत्ता दिसला की अपाचे ४०४ न पाठवता तिकडे रिडायरेक्ट करतो आणि तिथलं पान २०० देतं. वर अॅड्रेस बारमधला मूळ पत्ताही पुसला जातो, म्हणजे वाचकाला स्पेलिंग तपासायचं म्हटलं तरी तपासणार काय. ओळखायचं असेल तर `curl -I` नं एखादा खोटा पत्ता मागा, पहिल्या ओळीत 404 आलं पाहिजे, 302 किंवा 200 नाही. सगळी हरवलेली पानं मुखपृष्ठावर ढकलणं हाही त्याचाच भाऊ, वाचकाला कळतच नाही काय झालं.

मग साधेपणाची बाजू. २०१० च्या आसपास ४०४ वर विनोद करायची, गेम टाकायची लाट होती, ती अजून आहे. ब्रिटन सरकारची गव्ह.यूके उलट टोकाला गेली. त्यांच्या डिझाइन सिस्टिमचा नमुना म्हणतो, मथळा "पान सापडलं नाही" एवढाच, ४०४ हा आकडा नको, विनोद नको, लाल अक्षरं नकोत. खाली काय, तर पत्ता टाइप केला असेल तर तो बरोबर आहे का बघा, पेस्ट केला असेल तर पूर्ण कॉपी झालाय का बघा. हे दुसरं वाक्य मला फार आवडतं, कारण मोबाइलवर लोक पत्ते टाइप करत नाहीत, तुटके पेस्ट करतात.

आणि तुटण्यात आपले देवनागरी पत्ते पुढे. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे नुसत्या म चं होतं `%E0%A4%AE`, नऊ अक्षरं. काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे नऊ नऊ. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्ता बनवतो तेव्हा २०० अक्षरांवर कापतो. समजा मथळा आहे "गणेशोत्सवासाठी कोकण रेल्वेच्या जादा गाड्या". पहिल्या शब्दात चौदा चिन्हं, १२६ अक्षरं, डॅश, कोकणची ३६, परत डॅश, झाले १६४. उरले ३६, म्हणजे चार चिन्हं, आणि पत्ता संपतो `गणेशोत्सवासाठी-कोकण-रेल्` वर. जादा गाड्या गेल्या वाऱ्यावर. पुढच्या वर्षी असाच मथळा आला की मागे फक्त -2 लागतं, आणि असा पत्ता कुणी फॉरवर्ड करताना आणखी अर्धा तोडला की ४०४.

म्हणून मराठी साइटच्या ४०४ वरचा सर्च बॉक्स नुसता रिकामा ठेवण्यात अर्थ नाही. मागितलेला पत्ता डीकोड करायचा, डॅशांच्या जागी स्पेस टाकायच्या, शेवटचा शब्द अर्धवट दिसला तर तो काढायचा, -2 सारखे आकडे काढायचे आणि "गणेशोत्सवासाठी कोकण" हे बॉक्समध्ये आधीच भरून द्यायचं, वाचकानं फक्त बटण दाबायचं. भरताना पत्त्यातला मजकूर एस्केप केलेला हवा, नाहीतर पत्त्यातूनच कुणी स्क्रिप्ट घुसवेल. टक्क्यावर मधेच तुटलेला पत्ता डीकोड होत नाही, जावास्क्रिप्टचं `decodeURIComponent` तिथे एरर फेकतं, तेव्हा तुटकी शेपटी आधी कापायची आणि मग डीकोड करायचं. आणि बॉक्समध्ये लोक "kokan railway" असं रोमनमध्येही टाइप करणार, साइटचं सर्च फक्त देवनागरीच ओळखत असेल तर शून्य निकाल येणार, म्हणजे एका रिकाम्या पानावरून दुसऱ्या रिकाम्या पानावर. अशा वेळी विभागांच्या लिंकाच कामाला येतात, बातम्या, प्रवास, रेसिपी, जे काय असेल ते, मेनूतले सगळे वीस नाही, लोक खरोखर उघडतात ते पाच.

त्या लिंका आणि पानाच्या स्टाइल फाइलचा पत्ता मात्र `/` नं सुरू करा. ४०४ पान कुठल्याही खोल पत्त्यावर दिसतं, `/2019/08/abc/` वर असताना `style.css` मागितली तर ब्राउझर ती त्याच फोल्डरात शोधतो, मिळत नाही, आणि तुमचं देखणं पान परत नव्वदीतल्या टाइम्स फाँटमध्ये उघडतं. तपासताना बरेच जण फक्त `/abc` टाकून बघतात, तिथे सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.