नवकंकरी : मिल बांधली आणि डाव गेला

नवकंकरी, म्हणजे नाइन मेन्स मॉरिस, खेळणाऱ्यांचा एक लाडका समज आहे : तीन सोंगट्या एका रेषेत आणून मिल बांधली, समोरच्याची एक सोंगटी उचलली, की डाव आपल्याच बाजूला झुकतो. बहुतेकदा झुकतोही. पण हरण्याचे मार्ग दोन आहेत. सोंगट्या दोनच उरल्या तरी हार आणि आपल्या पाळीला एकही सोंगटी हलवता येत नसेल तरी हार. हा दुसरा मार्ग फार जण विसरतात.

पटावर एकात एक तीन चौकोन आणि २४ घरं असतात. चौकोनांच्या बाजूंचे मध्य एकमेकांना रेषांनी जोडलेले, कोपरे मात्र नाहीत. त्यामुळे कोपऱ्यातल्या सोंगटीला दोनच वाटा मिळतात आणि मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यांवर चार.

आता पट मांडून पाहा. पांढऱ्याच्या पाच सोंगट्या : चार बाहेरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत, पाचवी मधल्या चौकोनाच्या वरच्या मध्यावर. काळ्याच्याही पाचच : बाहेरच्या चौकोनाच्या डाव्या, उजव्या आणि खालच्या मध्यावर एकेक, आतल्या चौकोनाच्या वरच्या मध्यावर एक आणि मधल्या चौकोनाच्या डाव्या मध्यावर एक. खेळी पांढऱ्याची.

तो मधली सोंगटी एक घर वर सरकवतो. वरच्या बाजूवर मिल! आता काळ्याची कुठली सोंगटी उचलायची? डावीकडे काळ्याच्या दोन सोंगट्या शेजारी शेजारी आहेत, तिथे त्याची मिल होईल या धास्तीने पांढरा त्यातली आतली उचलतो. खरं तर त्या मिलला अजून दोन खेळ्या लागल्या असत्या. काळा शांतपणे आतल्या चौकोनावरची सोंगटी एक घर वर, पांढऱ्याने नुकत्याच सोडलेल्या घरात आणतो.

मोजा. चारही कोपऱ्यांच्या वाटा एकतर काळ्याने अडवल्या आहेत किंवा पांढऱ्याच्याच सोंगटीने. वरच्या मधल्या सोंगटीची खाली जाणारी एकमेव वाटही बंद. पाच विरुद्ध चार, हातात मिल, आणि पांढरा हरला! माझ्या मते या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

पांढऱ्याने आतल्या चौकोनावरचीच सोंगटी उचलली असती, तर पुढच्याच खेळीत ते घर बुजवायला काळ्याजवळ कोणी नव्हतं. मग मधली सोंगटी खाली-वर करत पांढऱ्याला मिल पुन्हा बांधता आली असती. सोंगटी उचलताना मिलइतकंच आपल्या मोकळ्या वाटांकडेही बघायला हवं. वाटा दोनवर आल्या, की धोका जवळ आला.

गंमत म्हणजे, पांढऱ्याकडे फक्त वरच्या तीनच सोंगट्या असत्या तर तो अडकलाच नसता. तीन उरल्या की उडता येतं : कुठलीही सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात. (काही ठिकाणी उडण्याचा नियमच नसतो, ते आधी ठरवून घ्यावं.) म्हणून चार-पाच सोंगट्यांचा टप्पा कोंडीसाठी सगळ्यात वाईट.

‘हमखास जिंकण्याची युक्ती’ विकणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये संगणकाने हा खेळ सोडवला : दोघेही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो.