गँट चार्टमधली नियोजित तारीख, प्रत्यक्ष तारीख आणि स्प्रिंट

हेन्री गँट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या शस्त्रनिर्मितीसाठी जे तक्ते वापरले, त्यांत एका रकान्याला दोन अर्थ होते. रकाना म्हणजे एक दिवस आणि त्या दिवसात व्हायला हवं ते ठरलेलं काम. जेवढं काम झालं तेवढीच बारीक रेघ त्यात ओढायची. खाली जाड रेघेत आतापर्यंतच्या एकूण कामाची बेरीज. वर आजच्या तारखेची खूण. जाड रेघ खुणेच्या जितकी मागे, तितकं काम मागे. वॉलेस क्लार्क यांनी १९२२ साली पुस्तक लिहून ही पद्धत सर्वदूर पोचवली.

पुढे सॉफ्टवेअर आलं, प्रत्येक काम एक आडवी पट्टी झालं आणि तिची लांबी फक्त कालावधी दाखवू लागली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये आपण `Set Baseline` करतो, म्हणजे त्या क्षणीच्या तारखा गोठवून ठेवतो. मग Tracking Gantt मध्ये मूळ आणि सध्याची पट्टी एकाखाली एक दिसते, आणि `Finish Variance` हा सध्याची अखेर आणि मूळ अखेर यांतला फरक असतो. माइलस्टोन म्हणजे एखादा टप्पा पूर्ण झाल्याची खूण, पत्त्यांतल्या चौकटसारखी आणि शून्य कालावधीची. तिच्यामागे किती काम आहे, हे ती सांगत नाही. माझ्या मते नेमकं इथेच महत्त्वाचं काहीतरी हरवलं.

२००१ साली, बदलांना सामावून घेत सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवावं असं सांगणारा अ‍ॅजाइल जाहीरनामा आला. त्याच विचाराच्या स्क्रम पद्धतीत काम ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये होतं. स्प्रिंटची तारीख पक्की असते, काम कमी-जास्त होतं. आता समजा, दोन आठवड्यांचे सहा स्प्रिंट आहेत, प्रत्येकात २० पॉइंट, म्हणजे अंदाजाने मोजलेलं तेवढं काम, ठरलंय आणि प्रत्येक स्प्रिंटची अखेर हाच माइलस्टोन. पाच स्प्रिंटमध्ये २०, १७, १४, १५ आणि १३ पॉइंट पूर्ण झाले. पाचही माइलस्टोन वेळेवर, फरक शून्य दिवस. प्रत्यक्षात १०० पैकी ७९ झालेत. गँट यांची जाड रेघ चौथा स्प्रिंट संपण्याआधीच थांबली असती. फरकाचा रकाना सगळा शून्यांनी भरलेला दिसला, तर टीम वक्तशीर आहे असं समजू नये. आधी माइलस्टोन कशावर बांधलाय ते पाहावं.

माइलस्टोन 'ग्राहकाला यूपीआयने पैसे भरता येतात' असा तपासता येणाऱ्या गोष्टीवर बांधला, तर तीन आठवड्यांचा उशीर खरा उशीर असतो. पण तिथेही मध्येच, काय बनवायचं ते ठरवणाऱ्या प्रॉडक्ट ओनरने परताव्याची सोय त्यात घातली असेल, तर तो उशीर टीमच्या वेगाचा नाही, बदललेल्या कामाचा आहे. चार्ट दोन्ही सारखेच दाखवतो. म्हणून बदलाची तारीख आणि कारण त्या ओळीच्या नोंदीत लिहावं, आणि नवा बेसलाइन जुन्यावर न लिहिता `Baseline 1` मध्ये ठेवावा. जुन्यावर लिहिला की फरक पुन्हा शून्य होतो आणि झालेला उशीर दिसेनासा होतो.

ऑडिट, सरकारी मुदत, दुसऱ्या कंपनीकडून येणारी एपीआय अशा बाहेरून ठरणाऱ्या तारखांसाठी मात्र नियोजित आणि प्रत्यक्ष तारखेची ही तुलना आजही चोख काम करते, कारण तिथे टीमला तारीख हलवता येत नाही आणि अपेक्षित गोष्टही सहसा बदलत नाही.