चष्म्याच्या बिजागरीतला गंजलेला स्क्रू: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जूनचा पाऊस सुरू झाला की आमच्या काउंटरवर एकाच प्रकारचे चष्मे येऊ लागतात. काडी अर्धवट उघडते आणि तिथेच अडते, किंवा इतकी सैल पडते की चष्मा नाकावरून घसरतो. दोन्हीचं मूळ एकच असतं: बिजागरीतला तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू गंजलेला असतो आणि तो घट्ट करता येत नाही, काढताही येत नाही. यातले बरेच जण घरी प्रयत्न करून आलेले असतात. घरी प्रयत्न करायला आमची हरकत नाही. पण बहुतेकांची चूक एकच असते आणि तिच्यामुळे पाच मिनिटांचं काम तासावर जातं. हे पत्रक त्या चुकीसाठी छापलं आहे.

चूक अशी की स्क्रू सुटायला तयार होण्याआधीच तो फिरवायचा, आणि तोही हाताला सापडेल त्या पेचकसाने. स्क्रूच्या डोक्यावर जी खाच असते, तीच तुमची आणि आमची एकमेव पकड आहे. पातं खाचेपेक्षा अरुंद किंवा पातळ असेल तर सगळा जोर खाचेच्या दोन कोपऱ्यांवर येतो, कोपरे गोल होतात आणि पातं वर उचललं जातं. असं चार-पाच वेळा झालं की खाच मरते. मेलेल्या खाचेत जगातला कुठलाही पेचकस बसत नाही. मग आम्हाला डोक्यावर नवी खाच कापावी लागते, किंवा स्क्रूच्या मधोमध बारीक ड्रिल घालून तो पोखरून काढावा लागतो. ड्रिल केसभर सरकलं तर बिजागरीचे आटे जातात आणि थोड्या जाड स्क्रूसाठी नवे आटे पाडावे लागतात.

चुंबक काय करतो आणि काय करत नाही

रविवार पेठेत बोहरी आळीला बारीक पेचकसांचा सेट सहज मिळतो. मागे फिरती टोपी असलेले, सोनार-घड्याळजी वापरतात ते. टोपीवर तर्जनी टेकवून खाली दाबायचं आणि अंगठा व मधल्या बोटाने दांडा फिरवायचा, अशी त्याची रचना असते. चुंबक लावलेला नसेल तर कुठल्याही जुन्या स्पीकरच्या चुंबकावरून पातं एकाच दिशेने वीस-तीस वेळा ओढलं की तो स्क्रू उचलण्याइतका चुंबकी होतो. असा पेचकस मात्र चावीच्या घड्याळाला लावू नका. घड्याळाच्या आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकी झाली तर घड्याळ पुढेमागे व्हायला लागतं.

आता गैरसमजाबद्दल. चुंबकाने अडकलेला स्क्रू सैल होत नाही, तिळभरही नाही. सुटलेला स्क्रू जमिनीवर उडून जाऊ नये म्हणून तो पात्याला धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. आणि तेही स्क्रू पोलादी असेल तर. बिजागरीवर तपकिरी गंज दिसला तर स्क्रू बहुधा पोलादी आहे. हिरवट मळ दिसला तर तो घामाने खाल्लेल्या, तांब्याचा अंश असलेल्या धातूचा असतो. तिथे स्क्रूही जर्मन सिल्व्हरचा असू शकतो, आणि त्याला चुंबक धरत नाही. म्हणून चिकटपट्टी हवीच.

चुंबकी पात्याचा एक तोटाही आहे. गंजाचा आणि लोखंडाचा भुगा त्याच्या टोकाला चिकटून बसतो. या भुग्यामुळे पातं खाचेत पूर्ण उतरत नाही, आणि हाताला मात्र वाटतं की बसलं. दर वेळी खाचेत घालण्याआधी टोक चिकटपट्टीवर दाबून पुसा. आम्ही पेचकसाइतकीच पट्टी वापरतो, त्यामागे हे एक कारण आहे.

एका चष्म्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या एक आजी धातूच्या फ्रेमचा चष्मा घेऊन आल्या. उजवी काडी मिटतच नव्हती. नातवाने सुरीच्या टोकाने प्रयत्न केला होता, वरून खोबरेल तेलही ओतलं होतं. खाचेचा एक कोपरा गेला होता, दुसरा शिल्लक होता. तेवढ्या एका कोपऱ्यावर आम्ही काम केलं. ते कसं, हे क्रमाने सांगतो, कारण तुम्हीही घरी नेमकं हेच करायचं आहे.

आधी काचा झाकल्या. काचेला थेट पट्टी लावायची नाही, जुनं कोटिंग तिच्याबरोबर निघू शकतं. काचेवर कागद ठेवायचा आणि पट्टी फ्रेमच्या कडेवर चिकटवायची. पेचकस घसरला तर ओरखडा कागदावर पडतो.

मग खाच साफ केली. टाचणीने आतला गंज हलकेच खरवडला, वर मास्किंग टेपचा तुकडा दाबला आणि उचलला. पहिल्या तुकड्यावर तपकिरी रेघ उमटली, दुसऱ्यावर फिकट, चौथा तुकडा कोरा आला. तेव्हाच खाच किती खोल आहे ते कळलं.

त्यानंतर तेल, आणि इथे जवळजवळ सगळे चुकतात. बिजागरीच्या नळ्या एकावर एक असतात. वरच्या नळीत स्क्रू नुसता आरपार जातो, आटे असतात ते खालच्या नळीत. अडकलेला असतो तो तिथे. म्हणजे डोक्यावर ओतलेलं तेल बहुतेक वरच राहतं. आम्ही चष्मा उलटा केला आणि स्क्रूचं जे टोक खालून डोकावतं, त्यावर टाचणीच्या अग्राने एक थेंब ठेवला. गंज सोडवणारं तेल स्प्रेच्या डब्यात येतं. ते बाटलीच्या झाकणात थोडं फवारून घ्यायचं, चष्म्यावर कधीच फवारायचं नाही. त्यातली द्रावणं काही प्लॅस्टिक काचांना बारीक तडे पाडतात. खोबरेल तर अजिबात नको. ते दाट असतं, आट्यांत शिरत नाही आणि पुण्याच्या थंडीत गोठून बसतं.

चष्मा रात्रभर तसाच उलटा ठेवला, सकाळी आणखी एक थेंब दिला. "ठेवून जा, उद्या या" असं आम्ही म्हणतो तेव्हा काही ग्राहकांना वाटतं की आम्ही काम टाळतोय. त्या रात्रीत तेल आपलं काम करत असतं. ते आम्ही हाताने केलं तर तुमची खाच जाते.

सकाळी बिजागरीखाली लाकडाचा छोटा तुकडा दिला. चष्मा हवेत किंवा तळहातावर धरून स्क्रू कधीही काढू नका. जोर लागला की पातं घसरून हातात घुसतं, किंवा बिजागरीचा फ्रेमशी असलेला सांधा सुटतो. मग डोक्याच्या रुंदीएवढं पातं निवडलं. बहुतेक चष्म्यांना दीड ते दोन मिलिमीटरचं लागतं. ते खाचेत उभं केलं आणि टोपीवरून सरळ खाली दाबलं. दाबायचा जोर फिरवायच्या जोरापेक्षा जास्त हवा, हे लक्षात ठेवा. पहिलं फिरवणं उलट्या बाजूने केलं, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने, अगदी किंचित. गंजाचा थर त्याने तुटतो. मग सैल करायच्या दिशेने, डोक्याकडून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तिसऱ्या वेळी बोटांना बारीकसा "टक्" जाणवला. तो जाणवला की स्क्रू सुटला असं समजा. त्याआधी पातं खाचेतून वर येतंय असं वाटलं तर तिथेच थांबा.

सुटल्यावर घाई केली नाही. बिजागरीखाली चिकट बाजू वर करून पट्टी पसरली होती. अर्धा-अर्धा फेरा देत, मध्ये मध्ये काडी किंचित हलवून ताण काढत, स्क्रू वर आणला. शेवटच्या आट्यातून निघताना तो पात्याला चिकटून आला आणि आम्ही तो लगेच पट्टीवर दाबला. तुमचा स्क्रू पात्याला चिकटला नाही तर चष्मा उलटा करून झटकू नका. पट्टीचा तुकडा बोटाला गुंडाळा, डोक्यावर दाबा, स्क्रू पट्टीबरोबर येतो.

आजींना तो गंजका स्क्रू परत घालून हवा होता. आम्ही नवा घातला. झिजलेले आटे पुन्हा आत घातले तर नळीतले आटेही जातात, आणि फ्रेम गेली की खर्च कितीतरी पटीने वाढतो.

घरी करू नये अशा दोन गोष्टी

काडीत स्प्रिंग असेल, म्हणजे काडी बाहेरच्या बाजूला ताणली की आपोआप परत येत असेल, तर तो स्क्रू काढू नका. स्प्रिंग त्याला आडवं दाबून धरते. काढताना नळ्या सरकतात आणि पुन्हा एका रेषेत आणायला आम्हालाही खास सुई लागते.

नवा स्क्रू सैल होऊ नये म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावू नका. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धूसर झाक येते, आणि पुढच्या वेळी तो स्क्रू पोखरूनच काढावा लागतो. आम्ही खालच्या टोकाला रंगहीन नेलपॉलिशचा एक ठिपका देतो. तो स्क्रू धरतो आणि पेचकसाला वाटही देतो.

पैशांबद्दल

"एवढ्याशा स्क्रूचे पैसे?" असं आम्हाला रोज ऐकावं लागतं. नवा स्क्रू बसवायचे पैसे आम्ही आमच्या ग्राहकांकडून घेत नाही. अडकलेला काढायचे घेतो. खाच शाबूत असेल तर ती रक्कम किरकोळ असते. खाच मेलेली असेल तर ड्रिल, नवे आटे आणि एका कारागिराचा तास लागतो, आणि ती रक्कम काम हातात घेण्याआधी सांगतो. तुमच्या कुठल्याही चष्म्याची बिजागरी मे महिन्यात साफ करून तिला तेल देणं आमच्याकडे विनामूल्य आहे, चष्मा कुठूनही घेतलेला असो. रोज हेल्मेट घालून दुचाकी चालवणाऱ्यांनी ते जरूर करून घ्यावं. घामाचं मीठ आणि पावसाचं पाणी त्यांच्या बिजागरीत सगळ्यांत जास्त साचतं.

घरी तीन वेळा प्रयत्न करूनही तो "टक्" जाणवला नाही तर चष्मा तसाच घेऊन या, कितीदा आणि कशाने फिरवलं तेही सांगा. स्क्रू निघाला असेल तर तो खिशात किंवा पुडीत टाकू नका. पट्टीवर चिकटवून ती पट्टी चष्म्याच्या डबीच्या झाकणाला आतून लावा. त्याच्या मापावरून आम्हाला नवा लगेच शोधता येतो.