एल्डरबेरीचे चार दिवस आणि किराइताचे तीन रुग्ण

अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत पूर्वी बदाम आणि चॉकलेटं असायची. गेल्या काही वर्षांत त्यांत एका जांभळ्या बाटलीची भर पडली आहे. आमच्याकडेही ती फ्रिजच्या दारात उभी आहे. एल्डरबेरीचं सरबत. चव काळ्या मनुकांच्या पाकासारखी, त्यामुळे मुलं ताप नसतानाही मागतात. "फ्लू चार दिवस आधी बरा होतो, तिकडे सगळे हेच घेतात," असं बाटली आणणाऱ्या वहिनींनी सांगितलं होतं. हे चार दिवस आले कुठून, ते शोधायला बसलो.

एल्डर हे युरोपातलं झुडूप. टणटणीच्या फळाएवढी काळी-जांभळी फळं घोसाने लागतात. चार दिवसांचा आकडा आला नॉर्वेतल्या एका चाचणीतून. ती 1999-2000 च्या हिवाळ्यात झाली आणि 2004 मध्ये छापून आली. फ्लूची लक्षणं सुरू होऊन 48 तासही झाले नव्हते, असे 60 रुग्ण निवडले. निम्म्यांना एल्डरबेरीचं सरबत, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सरबत. 15 मिली, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. आपल्याला किती बरं वाटतंय याचे गुण रुग्णांनी स्वतःच द्यायचे होते. एल्डरबेरीवाल्यांना सरासरी 3.1 दिवसांत चांगला आराम पडला, दुसऱ्या गटाला 7.1 दिवस लागले. फरक बरोबर चार दिवसांचा.

चाचणी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. फ्लूच्या विषाणूवरचं सगळ्यात परिचित औषध म्हणजे ऑसेल्टामिविर. स्वाइन फ्लूच्या साथीत घराघरांत पोचलेली टॅमिफ्लू ती हीच. विषाणूच्या एका विकरावर नेमका घाव घालण्यासाठीच हा रेणू घडवला आहे. त्याच्या चाचण्यांत हजारो माणसं होती. त्या सगळ्या तपासून कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये निष्कर्ष काढला, की मोठ्या माणसांचं दुखणं त्याने सरासरी 16.8 तासांनी कमी होतं. दिवसभरसुद्धा नाही. आणि फळाचा रस 96 तास वाचवणार? असं खरोखर घडत असेल तर दुसऱ्या कुणी केलेल्या चाचणीतही ते दिसायला हवं.

ती चाचणी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी केली आणि 2020 मध्ये प्रसिद्ध केली. आपत्कालीन विभागात आलेले, पाच वर्षांच्या पुढचे रुग्ण घेतले. इथे सगळ्यांचा फ्लू आधी पीसीआर तपासणीने पक्का केला होता. हे महत्त्वाचं, कारण आपण ज्याला फ्लू म्हणतो ते बऱ्याचदा दुसऱ्याच विषाणूचं पडसं असतं. मोठ्यांचा डोस नॉर्वेसारखाच होता. शेवटपर्यंत टिकलेले रुग्ण 87. एल्डरबेरी घेणारे सरासरी 5.3 दिवसांत बरे झाले, न घेणारे 4.9 दिवसांत. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा.

याच चाचणीत एक गमतीचा भाग आहे. ऑसेल्टामिविर घ्यायचं की नाही, हे रुग्णांवर सोडलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचं नंतर वेगळं गणित मांडलं, तर एल्डरबेरी घेणारे उलट दोन दिवस जास्त आजारी राहिलेले दिसले! एल्डरबेरीच्या विरोधकांनी हा आकडा उचलून धरला. पण मला तोही तितकाच कच्चा वाटतो. चाचणी संपल्यावर पाडलेला छोटा उपगट आहे तो. नॉर्वेच्या चार दिवसांना जी चाळणी लावली, तीच याही दोन दिवसांना लावायला हवी.

अडचण फ्लूच्या स्वभावातच आहे. धडधाकट माणसाचा फ्लू बहुधा आठवड्याभरात आपोआप जातो, पण कुणाचा तिसऱ्या दिवशी, कुणाचा नवव्या. तीस-तीस माणसांच्या गटांत लवकर बरे होणारे काही जण योगायोगाने एकाच बाजूला जमले, तरी सरासरी चांगलीच सरकते. म्हणूनच इकिनेशिया या औषधी फुलझाडाच्या एका चाचणीने मी फारसा भारावलो नाही. चेक प्रजासत्ताकात 473 रुग्णांवर केलेली ही चाचणी 2015 मध्ये आली. त्यात इकिनेशियाचं गरम पेय ऑसेल्टामिविरच्या तोडीचं ठरलं. पण काहीच औषध न घेणारा तिसरा गट ठेवलाच नव्हता. आपोआप उतरणाऱ्या आजारात दोन्ही गट बरे होणारच. श्रेय कुणाला द्यायचं?

आता आपल्या ओळखीचं झाड. बाजारात अँड्रोग्राफिस नावाने मिळणाऱ्या कॅप्सूल म्हणजे कालमेघ, कोकणातलं किराईत. आजीच्या हातचा काढा ज्याने प्यायला असेल त्याची जीभ तो विसरलेली नसते. हा कडूपणा ज्या अँड्रोग्राफोलाइडचा, तेच यातलं मुख्य औषधी द्रव्य मानतात. श्वसनमार्गाच्या साध्या संसर्गांवरच्या 33 चाचण्या, एकूण 7175 रुग्ण, असा मोठा आढावा 2017 मध्ये निघाला. खोकला आणि घसा यांना त्याने आराम पडतो असं त्यात दिसलं. पण बऱ्याच चाचण्यांची आखणीच ढिसाळ असल्याने ठाम काही म्हणता येत नाही, हेही त्याच अभ्यासकांनी नोंदवलं. शिवाय हा आढावा पडसं-खोकला सगळं धरून होता, फ्लूपुरता नव्हता.

आकडे किती सहज फसवतात, ते याच झाडाच्या थायलंडमधल्या एका कथेतून कळतं. तिथल्या सरकारने डिसेंबर 2020 मध्ये सौम्य कोविडसाठी अँड्रोग्राफिस वापरून बघायला परवानगी दिली. आजार फ्लू नव्हे, पण गणित तेच. पुढच्या वर्षी एक शोधनिबंध तज्ज्ञांच्या तपासणीआधीच इंटरनेटवर आला. अर्क घेतलेल्या 29 जणांपैकी एकालाही न्यूमोनिया झाला नाही, न घेतलेल्या 28 पैकी तिघांना झाला. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शेकडा चारहून कमी, असं त्यात लिहिलं होतं.

हे घरी पडताळता येतं. 57 चिठ्ठ्या घ्या, तिघींवर "न्यूमोनिया" लिहा आणि न बघता 29 आणि 28 असे दोन ढीग करा. औषधाचा काहीच गुण नसेल, तर तिन्ही चिठ्ठ्या 28 च्या ढिगात पडण्याची शक्यता किती? पहिलीची 57 त 28, दुसरीची 56 त 27, तिसरीची 55 त 26. गुणाकार येतो 0.11, म्हणजे नवात एकदा. तीन नाणी उडवून तिन्ही छापे पडावेत, जवळपास तितकंच. चूक लक्षात आल्यावर लेखकांनी निबंध मागे घेतला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं. किराईत निरुपयोगी आहे असं यातून सिद्ध होत नाही. तीन रुग्णांवरून काहीच सिद्ध होत नाही.

धोक्याची बाजू मात्र अगदीच कोरी नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाकडे अँड्रोग्राफिस घेतल्यावर तीव्र ॲलर्जी आल्याच्या नोंदी जमल्या. चव जाण्याच्या किंवा बिघडण्याच्या तक्रारीही आल्या. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला, तर पुढचा डोस न घेता थेट दवाखाना गाठायचा. एल्डरबेरीत दुसरीच गोम आहे: महाग अर्कात स्वस्त काळ्या तांदळाचा अर्क मिसळलेला सापडला आहे. रंग दोन्हीचा जांभळाच, त्यामुळे डोळ्यांना कळत नाही. प्रयोगशाळेत रंगद्रव्यं वेगळी केली की कळतं, कारण दोन्हींतल्या अँथोसायनिनांची ठेवण निराळी असते.

आमची बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. मुलं ती पोळीला लावून खातात. मागच्या महिन्यात घरात ताप शिरला तेव्हा सासूबाईंना मात्र दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. वय 74, त्यात मधुमेह, आणि ऑसेल्टामिविर द्यायचंच तर ते पहिल्या 48 तासांत सुरू केलेलं चांगलं.