तीन रेषा, एकच कोपरा: डीजनरसीमागची पार्श्वभूमी

आलेख पद्धतीने लिनिअर प्रोग्रामिंगचे गणित सोडवताना कधीकधी तिसरी रेषाही नेमकी त्याच कोपऱ्यातून जाते, जिथे आधीच्या दोन रेषा छेदलेल्या असतात. उत्तर बरोबर येते, आलेख नीटनेटका दिसतो आणि बहुतेक जण पुढच्या गणिताकडे वळतात. अशा कोपऱ्याला डीजनरेट कोपरा म्हणतात. कागदावर निरुपद्रवी वाटणाऱ्या या कोपऱ्याने 1950च्या दशकात अनेक गणितज्ञांना कामाला लावले होते. ते का, हे एका छोट्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

Z = 3x + 4y ची कमाल किंमत काढायची आहे. अटी तीन आहेत:

A: x + 2y ≤ 10
B: 2x + y ≤ 8
C: x + y ≤ 6

शिवाय x आणि y ऋण नकोत. रेषा काढल्या की चार कोपरे मिळतात: (0, 0), (4, 0), (2, 4) आणि (0, 5). तिथे Z अनुक्रमे 0, 12, 22 आणि 20 येतो. कमाल 22, बिंदू (2, 4). आता हा बिंदू तिन्ही अटींत घालून पाहा: 2 + 8 = 10, 4 + 4 = 8, 2 + 4 = 6. तिन्ही ठिकाणी समानता. प्रतलावर कोपरा ठरायला दोन रेषा पुरतात, इथे तीन आहेत. डीजनरसी ओळखायची हीच खात्रीची रीत आहे. हाताने काढलेल्या आकृतीवर विसंबू नये, कारण पेन्सिलच्या रेघेच्या जाडीत जवळजवळ छेदणाऱ्या आणि खरोखर एका बिंदूत छेदणाऱ्या रेषा सारख्याच दिसतात.

या आकृतीत C पुसून टाकली तरी क्षेत्र तसूभरही बदलत नाही. A आणि B यांची बेरीज करून तीनने भागले की x + y ≤ 6 आपोआप मिळते. हा योगायोग नाही. प्रतलावर एका कोपऱ्यात तीन रेषा जमल्या की त्यांतली किमान एक क्षेत्रासाठी अनावश्यक असतेच. म्हणून विद्यार्थ्याला सहज वाटते की डीजनरसी म्हणजे फालतू अट, काढून टाकली की संपले. पण हा समज प्रतलापुरताच खरा आहे. चौकोनी पायाच्या पिरॅमिडचे टोक पाहा: तिथे चार पृष्ठे भेटतात, कोपऱ्याला तीनच पुरतात, तरी एकही पृष्ठ काढता येत नाही, काढले तर आकारच बदलतो. चलांची संख्या वाढली की डीजनरसी अशी पुसून टाकता येत नाही. आलेख पद्धत इथेच दिशाभूल करते, असे मला वाटते.

कडांवरून चालत कोपऱ्याकोपऱ्याने सर्वोत्तम बिंदू गाठण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांनी असमानतांचा अभ्यास करताना 1820च्या दशकातच ती मांडली होती. पण तिचे रूपांतर चालत्या गणनपद्धतीत झाले ते जॉर्ज डँटझिग यांच्या सिम्प्लेक्स पद्धतीने, 1947 मध्ये. कडांवरून इतका लांबचा फेरा मारणे फार वेळखाऊ ठरेल, असे वाटून डँटझिग यांनी ही कल्पना आधी बाजूला ठेवली होती, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. त्यांचा मूळ लेख 1951 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला पुरावा एका गृहीतकावर उभा होता: कोणताही कोपरा डीजनरेट नाही. गृहीतक मान्य केले की पुरावा सरळ आहे. प्रत्येक पायरीला Z वाढतो, म्हणून गेलेल्या कोपऱ्यावर परत येता येत नाही. कोपरे मोजके आहेत, म्हणून पद्धत कधीतरी थांबणारच.

गृहीतक सोडले की काय होते, ते वरच्याच उदाहरणात हाताने पाहता येते. A, B, C मधल्या शिल्लक मात्रांना, म्हणजे स्लॅकना, p, q, r म्हणू. सिम्प्लेक्स बिंदू लक्षात ठेवत नाही. कोणती दोन चले शून्य धरली आहेत, ती जोडी लक्षात ठेवते. समजा आपण (0, 0) पासून x वाढवत निघालो. B आधी आडवी येते आणि आपण (4, 0) ला पोहोचतो. तिथे y वाढवायचा. किती वाढवता येईल हे तपासले तर A म्हणते 4 पर्यंत, C सुद्धा म्हणते 4 पर्यंत. गुणोत्तरांत बरोबरी झाली. पुढच्या तक्त्यात डीजनरसी येणार याची ही पहिली खूण. दुसरी खूण त्या तक्त्यातच दिसते: पायातल्या, म्हणजे शून्य न धरलेल्या, चलांपैकी एकाची किंमत शून्य.

बरोबरीत C निवडली तर (2, 4) वर आपण B आणि C या जोडीने उभे असतो. तक्त्यातून Z = 22 + q − 5r असे येते. q चा सहगुणक धन आहे, म्हणजे तक्ता सांगतो की अजून सुधारणा शक्य आहे. आकृतीत तर आपण सर्वोच्च बिंदूवर आहोत! नियमाप्रमाणे q वाढवायला जावे तर p = 3r − q, आणि p आधीच शून्य आहे. त्यामुळे q ला शून्यापलीकडे जाताच येत नाही. पायात q आला, p बाहेर गेला, पण बिंदू तोच आणि Z ही 22 च. नुसती जोडी बदलली: आता A आणि C. या जोडीत Z = 22 − p − 2r. दोन्ही सहगुणक ऋण आहेत, म्हणजे उत्तर मिळाले.

ही एक फुकट गेलेली पायरी. इथे ती एकाच पावलात संपली. पण Z वाढत नसेल तर "गेलेल्या जागी परत येता येत नाही" हा पुराव्याचा आधारच निसटतो. एकाच बिंदूवर जोड्या बदलत बदलत पहिल्या जोडीवर परत आलो तर पद्धत अनंतकाळ फिरत राहील. असे खरोखर घडू शकते का?

उत्तर 1953 मध्ये छापील स्वरूपात आले. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या अ‍ॅलन हॉफमन यांनी तीन समीकरणे आणि 11 चलांचे उदाहरण रचले. त्यात 72 अंशांच्या कोनाची त्रिकोणमितीय गुणोत्तरे सहगुणक म्हणून वापरली होती आणि सिम्प्लेक्स त्यात गोल फिरत राहते. दोन वर्षांनी, 1955 मध्ये, बील यांचे आटोपशीर उदाहरण आले: तीन समीकरणे, सात चले, सहा पायऱ्यांनंतर मूळ तक्ता परत. त्यात मूळ चलेच चार आहेत, त्यामुळे आलेख कागदावर ते काढता येत नाही. आपल्या चित्रात फक्त एक पाऊल अडखळले. चक्र लागायला जास्त मिती हवी होती.

उपाय मात्र आपल्या चित्रात अगदी स्वच्छ दिसतो. चार्न्स यांनी 1952 मध्ये सुचवले की अटींच्या उजव्या बाजू अगदी किंचित, प्रत्येकीच्या वेगळ्या मापाने हलवाव्यात, म्हणजे रेषा एकाच बिंदूत भेटणारच नाहीत. आपण A ची उजवी बाजू 10 ऐवजी 10.1 करू. आता कोपरा फुटतो. B आणि C अजून (2, 4) मध्ये छेदतात, पण A आणि C छेदतात (1.9, 4.1) मध्ये. मधे C ची एक इवलीशी कड उघडी पडते. Z पहिल्या बिंदूवर 22 आणि दुसऱ्यावर 22.1. मघाशी फुकट गेलेली पायरी म्हणजे याच कडेवरची चाल होती. डीजनरेट चित्रात त्या कडेची लांबी शून्य झाली होती इतकेच. पाऊल पडत होते, अंतर नव्हते. C अनावश्यक म्हणून पुसली असती तर ही कड कधी दिसलीच नसती.

प्रत्यक्षात आकडे हलवले की शेवटी ते परत जागेवर आणावे लागतात. डँटझिग, ऑर्डन आणि वुल्फ यांनी 1955 मध्ये तीच कल्पना आकडे न हलवता मांडली: बरोबरी झाली की ओळींची शब्दकोशातल्या क्रमासारखी तुलना करायची, पहिल्या रकान्यात निकाल लागला नाही तर दुसऱ्यात. मग 1977 मध्ये रॉबर्ट ब्लँड यांनी दिलेला नियम इतका साधा आहे की तो सापडायला तीस वर्षे लागली याचे नवल वाटते. चलांना क्रमांक द्यायचे. आत घेताना सुधारणा करू शकणाऱ्यांपैकी सर्वांत लहान क्रमांकाचे घ्यायचे, बाहेर काढताना बरोबरीतल्यांपैकी सर्वांत लहान क्रमांकाचे काढायचे. चक्र लागत नाही, याचा पुरावा आहे. आपल्या गणितात क्रम x, y, p, q, r धरला तर (4, 0) वरच्या बरोबरीत p बाहेर जातो आणि अडखळलेले पाऊल टळते. हा नियम सहसा संथ चालतो, ही त्याची खरी मर्यादा आहे.

व्यवहारात चक्र क्वचितच लागते, पण एकाच जागी बराच वेळ रेंगाळणे नेहमीचे. त्याचे कारण अनेक प्रश्नांच्या रचनेतच आहे. n माणसांना n कामे वाटून देण्याचा प्रश्न घ्या: पायात 2n − 1 चले लागतात, पण शून्य नसलेली फक्त n. उरलेली n − 1 कायम शून्य. तिथे प्रत्येक कोपरा डीजनरेट असतो.

आलेख पद्धतीने शिकणाऱ्याला मात्र याचा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो: शॅडो प्राइसमध्ये. A ची मर्यादा एकाने बदलली तर Z किती बदलेल? A आणि C ही जोडी धरली तर उत्तर 1 येते. A आणि B धरली तर 5/3. दोन्ही तक्ते सर्वोत्तम, बिंदू एकच, किमती दोन. करून पाहा. A ची उजवी बाजू 11 केली तर उत्तर (1, 5) वर जाते आणि Z होतो 23, म्हणजे वाढ 1. ती 9 केली तर C ढिली पडते, उत्तर A आणि B च्या छेदावर (7/3, 10/3) येते आणि Z होतो 61/3, म्हणजे घट 5/3. वाढवताना एक दर, कमी करताना दुसरा. C चे तर आणखी स्पष्ट: मर्यादा 7 केली तर Z जागचा हलत नाही, 5 केली तर 20 वर उतरतो.

सॉल्व्हरच्या संवेदनशीलता अहवालात यांपैकी एकच किंमत छापून येते. कोणती, ते शेवटच्या तक्त्यात कोणती जोडी उरली त्यावर ठरते. आपल्या उदाहरणात A पुढे 1 छापले असेल तर शेजारी परवानगीची वाढ 2 आणि परवानगीची घट 0 दिसेल. 5/3 छापले असेल तर वाढ 0 आणि घट 6. ज्या बाजूला 0 आहे त्या बाजूला ती किंमत लागू नाही. तिथला दर हवा असेल तर उजवी बाजू बदलून गणित पुन्हा सोडवावे लागते.