आदर्श वायूच्या ऊर्जेत आकारमान का येत नाही?

नौपाड्यात बारावीच्या मुलांना शिकवताना एक प्रश्न हटकून येतो. "सर, वायू पसरला की रेणू एकमेकांपासून लांब जातात. मग तापमान तेच ठेवलं तरी अंतर्गत ऊर्जा बदलायला नको का?" शंका रास्त आहे. 'आदर्श वायूत रेणूंमध्ये आकर्षण नसतं' एवढं सांगून मी बहुतेकदा मोकळा होतो. पण दाब मोजूनच हे ठरवता येतं, आणि ती वाट मला जास्त आवडते.

तापमान T स्थिर ठेवून आकारमान V किंचित वाढवलं, तर ऊर्जा U किती बदलते, हे आपल्याला हवं आहे. पसरताना वायू बाहेरच्या जगावर काम करतो, त्यात ऊर्जा जाते. तापमान पडू नये म्हणून बाहेरून उष्णता द्यावी लागते, ती ऊर्जा येते. दिलेली उष्णता म्हणजे T गुणिले एन्ट्रॉपीतली वाढ. एन्ट्रॉपी मोजायला मीटर नाही, ही इथली अडचण. पण मॅक्सवेलच्या एका संबंधानुसार, स्थिर तापमानाला आकारमानाबरोबर एन्ट्रॉपी ज्या दराने वाढते, त्याच दराने स्थिर आकारमानात तापमानाबरोबर दाब वाढतो. दाब मोजणं सोपं. म्हणून शेवटी उरतं ते असं:

(∂U/∂V)_T = T (∂P/∂T)_V − P

आता PV = nRT घ्या. आकारमान बांधलेलं असेल, तर दर अंशाला दाब nR/V ने वाढतो. त्याला T ने गुणलं की nRT/V, म्हणजे खुद्द P. P मधून P वजा केला की शून्य. जेवढी उष्णता आत आली तेवढंच काम बाहेर गेलं, ऊर्जेत आकारमानामुळे काहीच जमा झालं नाही.

हेच आलेखावर पाहा. बंद टाकीतल्या वायूचा दाब वेगवेगळ्या तापमानांना मोजून रेघ काढा आणि ती केल्विनच्या शून्यापर्यंत मागे लांबवा. आदर्श वायूची रेघ बरोबर शून्य दाबावर येऊन टेकते. ती शून्याच्या खाली जेवढी उतरेल, तेवढी (∂U/∂V)_T ची किंमत.

खरा वायू खाली उतरतोच. एक मोल कार्बन डायऑक्साइड एक लिटरच्या टाकीत 300 केल्विनला ठेवला, तर व्हॅन डर वाल्सच्या समीकरणाने दाब येतो सुमारे 22.4 बार, आणि 310 केल्विनला 23.3 बार. दर अंशाला वाढ 0.087 बार. तिला 300 ने गुणलं की 26 बारच्या थोडं वर, त्यातून 22.4 गेले, उरले साधारण 3.6 बार. हा वायू आदर्श असता तर 22.4 बारला दर अंशाची वाढ 0.075 बारच असायला हवी होती. उरलेला 3.6 बार म्हणजे रेणूंची आपसातली ओढ. रेणू लांब नेताना या ओढीविरुद्ध ऊर्जा लागते, सुरुवातीला दर लिटरमागे साधारण 360 ज्यूल.

हाच वायू एक लिटरमधून दहा लिटरच्या निर्वात टाकीत मोकळा पसरू दिला, बाहेरून उष्णता मिळू दिली नाही, तर एकूण ऊर्जा तेवढीच राहते. ओढ तोडायला लागणारे सुमारे 330 ज्यूल रेणूंच्या गतीतून जातात आणि तापमान 11 ते 12 अंशांनी उतरतं. आदर्श वायूचं तापमान जागचं हलणार नाही.

वागळे इस्टेटमधल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरवर बर्फ धरतो आणि म्हणून तिथे हीटर लावतात. त्या गारव्यात ही ओढ आहेच, पण तिथे वायू दाबाखालून सतत ढकलला जात असतो, म्हणून PV मधला फरकही हिशेबात येतो. तो निव्वळ आपला प्रयोग नाही.

ज्यूलने 1845 मध्ये असा प्रयोग केला होता. 22 वातावरण दाबाची हवा त्याने रिकाम्या भांड्यात सोडली, दोन्ही भांडी पाण्यात बुडवून. पाण्याचं तापमान बदललं नाही. हवेचं आकारमान दुप्पट झालं असं धरलं, तर हवा एकटीच असती तर सुमारे 3 अंशांनी गार व्हायला हवी होती. पण ती उष्णता तांबं आणि पाणी यांच्यात वाटली गेली, तर पाण्याचा फरक अंशाच्या हजारांश भागात जातो. त्या काळच्या थर्मामीटरला तो कुठून दिसणार?

मुलांना आणखी एक गोष्ट चकवते. रेणूंना स्वतःची जागा आहे पण ओढ नाही, असा वायू घ्या: P(V − nb) = nRT. हा आदर्श वायू नाही. तरी वरच्या सूत्रात घातलं की उत्तर शून्यच येतं, कारण दाब अजूनही तापमानाच्या सरळ प्रमाणात आहे. तेव्हा शून्य आलं म्हणून वायू आदर्श ठरत नाही. त्या शून्यातून फक्त एवढंच कळतं की रेणूंची आपसात ओढ नाही.