परिदंतदाह, रक्तवाहिन्या आणि लिंगताठरता

परिदंतदाह : दाताला जबड्यात धरून ठेवणाऱ्या ऊतींचा, म्हणजे हिरडी, दातमुळाभोवतीचे तंतू आणि त्यांमागचे हाड यांचा दीर्घकाळ चालणारा जंतुजन्य दाह. व्यवहारात यालाच पायोरिया म्हणतात. दात सैल होऊन पडणे हा त्याचा सर्वांना माहीत असलेला परिणाम. प्रस्तुत नोंदीत मात्र या रोगाचा रक्तवाहिन्यांच्या विकारांशी, आणि त्यातही पुरुषांमधील लिंगताठरतेच्या दोषाशी आढळून आलेला संबंध विचारात घेतला आहे. हा संबंध वारंवार आढळतो. तो कार्यकारणाचा आहे की दोन्ही विकार एकाच मुळातून येतात, यावर मतभेद आहेत.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिमी. खोलीची खाच असते. दंतवैद्य खुणा केलेली बारीक सळई या खाचेत हलकेच सरकवून खोली मोजतात. चार मिमी. किंवा त्याहून अधिक खोली म्हणजे रोगग्रस्त कप्पा, सहा मिमी.च्या पुढे रोग बळावलेला समजतात. कप्प्याच्या आतले अस्तर जागोजाग सोलवटलेले असते आणि त्याच्या पलीकडे लगेच केशवाहिन्या असतात. त्यामुळे चावताना किंवा दात घासताना तोंडातले जंतू काही काळ रक्तात उतरतात आणि दाहकारक द्रव्येही रक्तात मिसळत राहतात. या सोलवटलेल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ ‘तळहाताएवढे’ असते असे विधान पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते बहुधा अतिशयोक्त आहे. दातमुळांचे आकार धरून २००१ मध्ये केलेल्या गणितानुसार परिदंतदाहात ते साधारण ८ ते २० चौ. सेंमी. भरते. हे लहान असले तरी वर्षानुवर्षे उघडे राहणारे क्षत आहे, आणि पुढील सर्व विवेचनात रोगाचा हा दीर्घकाळपणाच महत्त्वाचा आहे.

कल्पनेचा उगम : तोंडातील संसर्गामुळे दूरच्या अवयवांना रोग होतो या मताचे जनकत्व सामान्यतः लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांना दिले जाते. १९१० मध्ये माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सडक्या मुळांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर कडक टीका केली होती. परंतु बर्लिनमध्ये काम करणारे दंतवैद्य विलोबी मिलर यांनी मानवी तोंड हे संसर्गाचे केंद्र असल्याचे १८९१ मध्येच लिहिले होते. शिवाय हंटर यांचेही या विषयावरील लेखन १९०० च्या सुमारास सुरू झालेले दिसते. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी पुढच्या दशकात या मताला ‘केंद्रस्थ संसर्ग’ सिद्धांताचे रूप दिले. त्यामुळे १९१० हे साल उगमाचे न मानता प्रसाराचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या सिद्धांताची परिणती दुःखद झाली. संधिवातापासून मनोविकारांपर्यंत नाना तक्रारींसाठी चांगले दातही सरसकट उपटले गेले. रोगी बरे होत नाहीत हे ध्यानात आल्यावर, साधारण १९४० ते १९५० च्या दरम्यान, वैद्यकाने या विचाराकडे पाठ फिरवली. आजही या क्षेत्रातले जाणकार तोंड आणि हृदय यांच्या नात्याविषयी जपून बोलतात, त्याचे एक कारण हा इतिहास आहे.

विषय पुन्हा वर आला तो १९८९ मध्ये. फिनलंडमधील किम्मो मत्तिला व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० रुग्णांच्या दातांची तुलना १०२ निरोगी व्यक्तींशी केली. रुग्णांचे दंतारोग्य स्पष्टपणे वाईट आढळले. त्यानंतर मानेतल्या रोहिण्यांमधून शस्त्रक्रियेने काढलेल्या मेदयुक्त थरांत हिरड्यांच्या रोगजंतूंचे डीएनए सापडले. जंतू तेथे सापडणे आणि त्यांनी तेथे रोग घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन संबंध मान्य केला, कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही असे म्हटले.

लिंगाच्या रोहिण्या : ताठरता ही मुळात रक्तप्रवाहाची घटना आहे. उत्तेजनाच्या वेळी लिंगातील मज्जातंतूंची टोके व रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्यामुळे भित्तीतील अनैच्छिक स्नायू सैल पडतात, रोहिण्या रुंदावतात, स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरते आणि परत जाणाऱ्या नीला दाबल्या जाऊन ते तेथेच थांबते. सिल्डेनाफिल हे औषध याच साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर काम करते. अस्तर बिघडले की वायू कमी तयार होतो आणि ताठरता अपुरी पडते. रोहिण्या कठीण व अरुंद होण्याच्या विकारातही पहिला बिघाड याच अस्तरात होतो.

हा बिघाड शरीरभर असताना लिंगात आधी का जाणवतो, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण मिलानचे मूत्ररोगतज्ज्ञ फ्रांचेस्को मोंतोर्सी व सहकाऱ्यांनी दिले आहे. लिंगाच्या रोहिणीचा व्यास १ ते २ मिमी., हृदयाच्या रोहिणीचा ३ ते ४ मिमी., तर मेंदूकडे जाणाऱ्या अंतर्गत ग्रीवा रोहिणीचा ५ ते ७ मिमी. असतो. तेवढ्याच जाडीचा थर साचला तर लहान वाहिनी आधी अपुरी पडणार. याच गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, छातीत तीव्र दुखून आलेल्या आणि हृदयरोहिणीचा विकार चित्रणाने सिद्ध झालेल्या ३०० पुरुषांपैकी ४९ टक्क्यांना ताठरतेचा दोष होता. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जणांना तो हृदयाच्या लक्षणांच्या आधी, सरासरी तीन वर्षांहून थोडा अधिक काळ अगोदर, सुरू झालेला होता. व्यासाचे हे स्पष्टीकरण सर्वांनाच पुरेसे वाटत नाही; वायूच्या कमतरतेला लिंगाची ऊती अधिक संवेदनशील असते, असेही मत आहे. ही दोन मते परस्परविरोधी नाहीत.

हिरड्या आणि ताठरता यांची सांगड : इस्राएलमध्ये ३०५ पुरुषांच्या पाहणीवरून २००९ मध्ये हा संबंध नोंदवला गेला. तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०१२ मध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात ताठरतेचा दोष असलेल्या ३२ हजारांहून अधिक पुरुषांमध्ये पूर्वी परिदंतदाहाचे निदान झालेले असण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून जास्त निघाली. तथापि, विम्याच्या नोंदींत धूम्रपानाची माहिती नसते, आणि या विषयात तीच उणीव सर्वांत जड आहे. तंबाखूमुळे हिरड्या आणि रोहिण्या दोन्ही बिघडतात, मधुमेहाचेही तसेच. म्हणून अशा आकड्यांवरून हिरडीला दोषी ठरवता येत नाही.

त्या मानाने तुर्कस्तानातील २०१३ चा अभ्यास लहान, पण अधिक बोलका आहे. त्यात केवळ ३० ते ४० वर्षे वयाचे पुरुष घेतले होते. दोष असलेल्या ८० जणांपैकी ५३ टक्क्यांना तीव्र परिदंतदाह होता, दोष नसलेल्या ८२ जणांत हे प्रमाण २३ टक्के होते. एवढ्या कमी वयात वार्धक्याचा प्रभाव बराच वगळला जातो. उंदरांवरील प्रयोगांतही हिरड्यांचा दाह घडवल्यावर लिंगातील नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर कमी झालेले आणि ताठरतेच्या वेळचा दाब घटलेला आढळला.

अस्तरावरील परिणाम मोजणारा प्रयोग : संबंधापलीकडे जाणारा सर्वांत सुस्पष्ट पुरावा मॉरिझिओ तोनेत्ती व लंडनमधील सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची मोजण्याची रीत अशी : हाताच्या पुढच्या भागाला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटे रक्त अडवतात, मग सोडतात. प्रवाह एकदम वाढतो आणि निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून दंडाची रोहिणी रुंदावते. ही रुंदी किती टक्क्यांनी वाढली ते ध्वनिलहरींच्या यंत्राने पाहतात. तीव्र परिदंतदाहाचे १२० रुग्ण चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाची हिरडीच्या वरवरची नेहमीची सफाई केली. दुसऱ्या गटात भूल देऊन हिरडीखालची मुळे खरवडून साफ केली, न वाचणारे दात काढले आणि कप्प्यांत मिनोसायक्लीन हे प्रतिजैविक भरले.

दुसऱ्या दिवशी निकाल उलटा दिसला. सखोल उपचार घेतलेल्यांची रोहिणी नेहमीची सफाई झालेल्यांपेक्षा १.४ टक्क्यांनी कमी रुंदावली आणि रक्तातील दाहदर्शक द्रव्ये वाढली. खरवडण्याने जंतू व दाहद्रव्ये एकाएकी रक्तात गेली, असा याचा अर्थ लावतात. ६० व्या दिवशी चित्र पालटले होते : सखोल उपचाराचा गट ०.९ टक्क्याने पुढे होता, आणि १८० व्या दिवशी २.० टक्क्यांनी. हिरड्यांची सुधारणा आणि अस्तराची सुधारणा सोबत झाली. येथे धूम्रपान किंवा वय यांचे स्पष्टीकरण लागू पडत नाही, कारण गट चिठ्ठीने पाडले होते. हिरड्यांचा दाह रोहिण्यांच्या अस्तराला प्रत्यक्ष त्रास देतो, इतपत म्हणण्यास हा प्रयोग आधार देतो. झटके किंवा मृत्यू टळतात असे मात्र त्यातून निघत नाही.

ताठरतेवरचा असा प्रयोग तुर्कस्तानातच २०१३ मध्ये १२० पुरुषांवर झाला. हिरड्यांवर उपचार केलेल्या गटाचे प्रश्नावलीतील गुण तीन महिन्यांनी सुधारले. पण गुण रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवरून ठरतात आणि आपल्यावर उपचार झाला हे रुग्णाला माहीत असते. म्हणून हिरड्या साफ केल्याने ताठरता परत येते असे आश्वासन रुग्णाला देऊ नये.

वैद्यकीय उपयोग : हा संबंध उपचारापेक्षा खूण म्हणून अधिक मोलाचा आहे. दोष हळूहळू वाढत गेलेला, पहाटेची ताठरताही कमी झालेली, आणि तो प्रत्येक प्रसंगी जाणवणारा असेल तर कारण बहुधा रक्तवाहिन्यांत असते. अचानक सुरू झालेला, काही प्रसंगीच जाणवणारा आणि पहाटेची ताठरता शाबूत असलेला दोष बहुधा मानसिक असतो. पहिल्या प्रकारच्या चाळिशीतल्या पुरुषात खोल कप्पे व हलणारे दातही आढळले, तर रक्तदाब, रक्तातील साखर (विशेषतः तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी), मेद आणि तंबाखूचे सेवन यांची तपासणी लांबणीवर टाकू नये. छातीत दुखत नाही हे कारण पुरेसे नाही. दोन्ही तक्रारींमागे तोवर न कळलेला मधुमेह असू शकतो.

हिरड्यांतून रक्त येत नाही म्हणून हिरड्या निरोगी, असा समज धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत धोक्याचा ठरतो. तंबाखूमुळे हिरडीतील रक्तस्राव दबतो आणि आतले हाड झिजत असतानाही वरून हिरडी फिकट व घट्ट दिसते. तेथे सळईने मोजणी आणि क्ष-किरण चित्रण हाच आधार. गालात तंबाखू-चुना धरणाऱ्यांत, तसेच मिश्री लावणाऱ्यांत, त्या ठिकाणची हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडलेले दिसते. हे नुकसान स्थानिक असल्याने केवळ त्यावरून रक्तवाहिन्यांविषयी अनुमान काढता येत नाही. तंबाखूचे सेवन हेच तेथे तपासणीचे पुरेसे कारण असते.

भारतात बंगळूरु येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंगातील रक्तप्रवाहाचे डॉप्लर चित्रण करून रक्तवाहिन्यांमुळेच दोष असल्याची खात्री झालेले ७० पुरुष घेतले होते. दोष जितका तीव्र, तितके त्यांच्यात परिदंतदाहाचे प्रमाण अधिक होते.